ईदचा बोकड दातावरून मोजावा

बकरी ईदसाठी बोकड घ्यायला आलेला माणूस आधी वजन विचारत नाही. तो बोकडाचा खालचा ओठ दाबून दात बघतो. शेळीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. वर नुसती टणक हिरडी. वर्ष उलटलं की साधारण १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान मधले दोन दुधाचे दात पडतात आणि त्या जागी दोन रुंद, पांढरे दात येतात. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा असावा लागतो आणि त्याचा पुरावा म्हणजे हे दोन दात. शर्यतीच्या बैलांत जसा दुधाच्या दातांचा तो आदत आणि दोन दातांचा तो दुसा, तसंच हे. आदत बोकड ३५ किलोचा असला तरी खाटकाच्या भावानेच जातो.

म्हणून हिशोब ईदपासून मागे करायचा. आम्ही माण तालुक्यात शेळ्या पाळतो. २०२५ ची ईद ७ जूनला होती. दात दिसावेत म्हणून बोकड तेव्हा १४ महिन्यांचा तरी हवा, म्हणजे जन्म मार्च २०२४ चा. शेळी १५० दिवस गाभण राहते, म्हणजे ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस भरवायला हवी. शिवाय हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं असल्याने ईद दरवर्षी १० ते १२ दिवस अलीकडे येते. २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला. भरवण्याची तारीखही तशीच मागे घ्यावी लागते. आपल्याकडे हिरवा चारा झाला की पावसाळ्यात बऱ्याच शेळ्या माजावर येतात आणि करडं हिवाळ्याच्या तोंडावर होतात. ती ईदला एकतर सहा-सात महिन्यांची असतात, नाहीतर दीड वर्षाची, आणि तोवर त्यांनी चार-पाच महिने जास्तीचं खाल्लेलं असतं.

खरा खुराक शेवटच्या तीन महिन्यांत द्यायचा. आमचा एक उस्मानाबादी बोकड फेब्रुवारीअखेर २३ किलोचा होता. नुसत्या चरण्यावर असा बोकड दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास वाढतो. कडबा, शेवरीचा पाला आणि ३०० ग्रॅम खुराक मिळाला की १०० ग्रॅमपर्यंत जातो. खुराक म्हणजे मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, तूरचुनी, मीठ आणि खनिज मिश्रण. ९५ दिवसांत तो साडेबत्तीस किलोवर गेला. चरण्यावर पावणेचार किलो वाढला असता, तिथे साडेनऊ वाढला. जास्तीच्या पावणेसहा किलोंसाठी सुमारे सत्तावीस किलो खुराक लागला. खुराक ३० रुपये किलो धरला तर खर्च साधारण आठशे रुपये, आणि जिवंत वजनाला किलोमागे ४०० रुपये भाव धरला तर ते वजन तेवीसशेचं होतं. पण खुराक पहिल्या दिवसापासून ३०० ग्रॅम नाही. १०० ग्रॅमपासून दोन आठवड्यांत वाढवत नेला. एकदम धान्य पडलं की पोटात आम्ल होतं, बोकड खाणं सोडतो, पातळ हगतो.

दुसरा धोका हळू येतो आणि तो मी अंगावर घेतलाय. एका वर्षी मी स्वस्त मिळाला म्हणून गव्हाचा भुसा, म्हणजे कोंडा, भरपूर चारला. एप्रिलमध्ये एक बोकड पाठ वाकवून, शेपटी हलवत सारखा कुंथायला लागला. मला वाटलं, पोट धरलंय. मी त्याला तेल पाजलं. खाली बघितलं असतं तर कळलं असतं, लेंड्या पडत होत्या. मूत्र मात्र थेंब-थेंब येत होतं. तो मुतखडा होता. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला, बोकड गेला.

कारण साधं आहे. भुसा आणि धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. चारा चघळताना भरपूर लाळ सुटते आणि जास्तीचा फॉस्फरस लाळेतून पोटात जाऊन लेंडीवाटे निघतो. नुसतं धान्य गिळलं की लाळ कमी, मग तोच फॉस्फरस मुत्रात उतरून त्याचे खडे बनतात. नराची मूत्रनळी लांब, वळणाची आणि टोकाला अगदी बारीक असते; तिथे वाळूएवढा खडाही अडकतो. लहानपणी खच्ची केलेल्यात ती आणखी अरुंद राहते. तेव्हापासून मी भुसा कमी केला, पाला दोन्ही वेळ ठेवला, आणि उन्हात पाणी गरम होऊन बोकड प्यायचे थांबतात म्हणून पाण्याचं टीप सावलीत नेलं. खुराकातलं मीठही तहान वाढवायलाच असतं.

वजन दर आठवड्याला, सकाळी पाणी-चाऱ्याआधी करतो. पोटभर पाणी प्यायलेला बोकड दोन किलोने जड भरतो आणि आपणच फसतो. सलग दोन आठवडे वाढ थांबली तर आधी जंत तपासतो.

विक्री मी ईदच्या १० ते १५ दिवस आधी करतो. आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात शेवटच्या आठवड्यात भाव चढतो असं सगळेच म्हणतात, आणि कधी कधी चढतोही. पण त्याच भरवशावर सगळ्यांचे बोकड एकदम येतात. शिवाय टेम्पोत एखाद्याचं शिंग मुळापासून मोडलं किंवा तो उघड लंगडायला लागला तर कुर्बानीला तो चालत नाही. गोठ्यावर गिऱ्हाईक आलं तर मी तिथेच देतो. त्या साडेबत्तीस किलोवाल्याचा ओठ त्या माणसाने तीनदा उघडून पाहिला, शिंगं आणि कान चाचपले, गोठ्यात चार पावलं चालवलं, आणि मग काटा मागितला.