दर महिन्याचं अपडेट जुनं सगळं सोबत का आणतं?

२०१६च्या सुमारास पुण्याच्या तपकीर गल्लीत विंडोज ७चा कॉम्प्युटर ‘फॉरमॅट मारायला’ दिला, की विंडोज टाकून लगेच व्हायचं, पण अपडेट्समध्ये दिवस जायचा. सर्व्हिस पॅक १, म्हणजे तोवरच्या दुरुस्त्यांचा एकत्र संच, फेब्रुवारी २०११चा. त्यानंतरच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, दोनशेच्या वर, आणि त्याही सुट्या. शिवाय काही पॅच आधीचा पॅच असल्याशिवाय बसतच नसत. त्यामुळे एक खेप टाका, रीस्टार्ट करा, की पुढची खेप दिसणार.

वेळ जायचा हा त्यातला लहान त्रास. खरी अडचण सुट्या पॅचच्या जोड्यांची होती. प्रत्येक पॅच ‘घेतला’ किंवा ‘नाही घेतला’ असं धरलं, तर नुसत्या २० पॅचमधून १०,४८,५७६ वेगवेगळ्या अवस्थांचे कॉम्प्युटर तयार होतात. नवा पॅच तपासला जायचा तो सगळं घेतलेल्या मशीनवर, आणि बाहेरची मशीन मात्र कुणी तीन घेतलेली, कुणी तीस. तपासणीत चाललेला पॅच एखाद्याच ऑफिसात का अडतो, हे शोधायचं तर आधी तिथे काय काय बसलंय याची यादी करावी लागे.

त्यात ‘सुटी दुरुस्ती’ हा प्रकार दिसतो तितका सुटा नसतोच. दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात एखादी फाइल नव्याने बांधून देणं. समजा एका फाइलमध्ये जानेवारीत एक दोष काढला आणि मार्चमध्ये दुसरा. मार्चची फाइल त्याच सुधारलेल्या कोडमधून बांधलेली, म्हणजे जानेवारीची दुरुस्ती तिच्यात आलीच. एका फाइलपुरती बेरीज आधीपासूनच होत होती. गोंधळ व्हायचा तो फाइल-फाइलमध्ये: एक मार्चची, तिची शेजारीण अजून जानेवारीची.

विंडोज १० जुलै २०१५मध्ये आलं तेच मासिक एकत्रित अपडेट, म्हणजे आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांचा एकच गठ्ठा, घेऊन, आणि ऑक्टोबर २०१६पासून विंडोज ७ आणि ८.१लाही तसा गठ्ठा सुरू झाला. गठ्ठा दर महिन्याला दुपटीने फुगत नाही, कारण एका फाइलला दहा दुरुस्त्या झाल्या तरी त्यात शेवटचीच आवृत्ती असते. विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून तर पूर्ण फाइलऐवजी मूळ फाइल आणि नवी फाइल यांतला फरकच पाठवतात. तरी मूळ जितकं जुनं तितका फरक मोठा. म्हणून विंडोज ११ २४एच२मध्ये मधे-मधे नवा टप्पा ठरवून फरक तिथून मोजायला सुरुवात झाली.

याची किंमत काय, ते मार्च २०२१मध्ये दिसलं. ९ मार्चच्या `KB5000802` या विंडोज १०च्या अपडेटनंतर रिको, क्योसेरा, झेब्रा, डायमो यांच्या काही प्रिंटरवर प्रिंट दिली की निळा पडदा यायचा: `APC_INDEX_MISMATCH`, खाली फाइलचं नाव `win32kfull.sys`. अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या दुकानात लेबल छापणारा असा प्रिंटर असेल, तर सरळ वाटा दोनच होत्या: छपाई सोडायची, किंवा मार्चच्या सगळ्या सुरक्षा दुरुस्त्या काढून टाकायच्या. ‘फक्त छपाई बिघडवणारं काढा’ ही सोय गठ्ठ्यात नाही. १५ मार्चला `KB5001567` आलं आणि निळा पडदा थांबला, पण काही ठिकाणी बारकोड गायब किंवा काळे ठोकळे छापले जात होते. त्यासाठी १८ मार्चला `KB5001649` आलं.

मात्र याच वेळी गठ्ठ्याचा फायदाही दिसला. विंडोज १०ची २०एच२ आवृत्ती असलेल्या कॉम्प्युटरवर `winver` ही आज्ञा चालवली की वरच्या तीन अपडेट्सचे अनुक्रमे `19042.867`, `.868` किंवा `.870` यांपैकी एक आकडा दिसे आणि मशीन कुठल्या पायरीवर आहे ते तेवढ्यावरून कळे. महिनाभर बंद असलेलं मशीन थेट `.870`वर जाऊ शके. मधली दोन अपडेट्स वेगळी टाकायची गरज नाही.

सुरक्षेशी संबंध नसलेल्या अनेक बदलांत आता जुना कोडही ठेवलेला असतो. बदल अंगाशी आला तर मायक्रोसॉफ्ट लांबूनच जुना कोड पुन्हा सुरू करू शकते. सुरक्षा दुरुस्तीत हे करत नाहीत. जुना कोड म्हणजे उघडं भोक.

चार-पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात मासिक अपडेट आधी एकाच मशीनवर घ्यावं, तेही प्रिंटर जोडलेल्या, आणि बाकीच्यांचं अपडेट सेटिंग्जमधून आठवडाभर ‘पॉज’ करावं. त्या एकावर बिल, लेबल, बारकोड सगळं छापून बघावं. बिघडलंच, तर आधी सेटिंग्जमधून अपडेट काढायचा प्रयत्न करावा. तिथून निघालं नाही, तर अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
DISM /Online /Get-Packages
DISM /Online /Remove-Package /PackageName:<नाव>
```

पहिल्या आज्ञेच्या यादीत `Package_for_RollupFix`ने सुरू होणारं सगळ्यात नवं नाव शोधून ते दुसरीत पूर्ण टाकायचं. सोबत आलेला सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा भाग, मात्र निघत नाही. तो तसाच राहू द्यावा.