एकच गाडी जळेल, हा हिशेब

वाहनतळाला आग लागली तर ती एका गाडीपुरतीच राहील, हे गृहीतक ब्रिटनमध्ये 1960च्या दशकात रुजलं. सरकारी अग्निसंशोधन केंद्राने तेव्हा खऱ्या गाड्या पेटवून चाचण्या केल्या. 1968च्या अहवालाचा निष्कर्ष होता की आग शेजारच्या गाडीत सहसा पसरणार नाही आणि पसरण्याआधीच बंब पोहोचतील. त्या काळच्या गाड्या बहुतांशी पत्र्याच्या, त्यामुळे निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. पुढे इंग्लंडमध्ये चारी बाजूंनी मोकळ्या बहुमजली वाहनतळाच्या सांगाड्याने आगीत फक्त 15 मिनिटं तग धरली तरी चालेल, अशी सवलत मिळाली. स्प्रिंकलरची सक्तीही नव्हती. पुरेशी मोकळी भिंत ठेवली की उष्णता आणि धूर बाहेर जाईल, असा हिशेब होता.

गाड्या मात्र बदलत गेल्या. बंपर, डॅशबोर्ड आणि पाठोपाठ इंधनाची टाकीही प्लास्टिकची झाली. गाड्या रुंदावल्या, पण जुन्या वाहनतळांवरचे पट्टे होते तिथेच राहिले, त्यामुळे दोन गाड्यांमधली फट कमी झाली.

31 डिसेंबर 2017 रोजी लिव्हरपूलच्या किंग्ज डॉक वाहनतळात हा हिशेब कोलमडला. शेजारच्या सभागृहात घोड्यांचे खेळ होते आणि वाहनतळ बराचसा भरलेला होता. दुपारी साडेचारच्या सुमारास वरच्या एका मजल्यावर एक जुनी गाडी पेटली. शेजारच्या गाड्या पेटल्या, टाक्या वितळल्या आणि जळतं इंधन उतारावरून वाहत पाणी जाण्याच्या गटारांतून खालच्या मजल्यावर उतरलं. आग वर चढते हे आपल्याला माहीत असतं. इथे ती खालीही गेली. उष्णतेने काँक्रीटचे तुकडे उडाले, स्लॅबला भोकं पडली आणि आगीला आणखी वाटा मिळाल्या. हजाराहून जास्त गाड्या जळाल्या. कुणी दगावलं नाही, पण इमारत पाडावी लागली. बाजू मोकळ्या होत्या, म्हणजे नियमाप्रमाणे वायुवीजन होतं. स्प्रिंकलर नव्हते.

ऑक्टोबर 2023मध्ये लंडनजवळच्या लुटन विमानतळाच्या वाहनतळाचंही असंच झालं. तिथेही स्प्रिंकलर नव्हते आणि सुरुवात डिझेलच्या गाडीतून झाली होती. हे सांगायचं कारण, अशी बातमी आली की आपल्याकडे पहिलं बोट इलेक्ट्रिक गाडीकडे दाखवलं जातं.

स्प्रिंकलर पेटलेली गाडी विझवतो, हा एक गैरसमज आहे. बॉनेटखालची किंवा केबिनमधली आग टपाच्या आडोशाला असते, पाणी तिथवर पोहोचत नाही. ती गाडी बहुधा जळतेच. पाणी शेजारच्या गाड्यांवर आणि स्लॅबवर पडतं, त्यांना थंड ठेवतं, आणि आग एका गाडीवर अडते. ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या नव्या चाचण्यांतही हेच दिसलं. म्हणजे 1968चं गृहीतक आजही खरं ठरू शकतं, फक्त डोक्यावर पाणी हवं.

तळघरात मोकळ्या भिंती नसतात, म्हणून तिथे पंखे लागतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत बंद वाहनतळासाठी एरवी तासाला 6 वेळा आणि आगीच्या वेळी 12 वेळा हवा बदलण्याची अपेक्षा आहे. 2,000 चौरस मीटरचं, 3 मीटर उंचीचं तळघर घ्या. त्यात 6,000 घनमीटर हवा असते. आगीच्या वेळी तासाला 72,000 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 20 घनमीटर हवा ओढावी लागते. एवढं करूनही आग विझत नाही. जवानांना आत शिरता यावं, जळती गाडी दिसावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. धूर जिन्यात शिरू नये याची सोय वेगळी करावी लागते. ऑक्टोबर 2023मध्ये गोरेगावात आझादनगरच्या इमारतीत तळमजल्यावर, जिथे गाड्या उभ्या होत्या, तिथे आग लागली. लोक वरच्या मजल्यांवर, धूर जिन्यातून त्यांच्याकडे गेला, आणि किमान सात जणांचा जीव गेला.

यंत्रणा असूनही कशी निकामी होते, ते 1 ऑगस्ट 2024च्या पहाटे दक्षिण कोरियात इंचॉनच्या एका निवासी संकुलात दिसलं. तळघरात उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी पेटली. तिथे स्प्रिंकलर होते. ते झडप उघडल्यावरच नळीत पाणी येणाऱ्या प्रकारचे होते. धोक्याची घंटा वाजल्यावर व्यवस्थापनाच्या कर्मचाऱ्याने झडप रोखणारं बटण दाबलं. काही मिनिटांनी ते सोडलं, पण तोवर उशीर झाला होता आणि पाणी आलंच नाही. शंभराहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं.

खोट्या घंटांना कंटाळलेला माणूस असं बटण दाबतो. आपल्या सोसायट्यांतही वेगळं काही घडत नाही: कुठेतरी गळती होते, झडप बंद केली जाते आणि पुन्हा उघडायची राहून जाते. स्प्रिंकलरच्या मुख्य नळीवर दाब दाखवणारा काटा असतो. नेहमी पाण्याने भरलेल्या यंत्रणेत झडपेपुढचा तो काटा शून्यावर दिसला, तर छतावरच्या स्प्रिंकलरमधल्या त्या छोट्या लाल काचनळ्या नुसत्या शोभेच्या आहेत.