लोगो तयार झाला, आता फ्लेक्सवाल्याला कोणती फाइल द्यायची?

आमच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि बहुतेक वेळा बोर्ड लागून गेल्यावर येतात. म्हणून हे माहितीपत्रक आता प्रत्येक लोगोच्या फोल्डरसोबत देतो. काम सुरू करण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

आधी मुख्य गोष्ट. लोगो पसंत पडावा म्हणून आम्ही व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवतो. ते फक्त बघण्यासाठी असतं. पुष्कळ ग्राहक तेच चित्र पुढे फ्लेक्सवाल्याला पाठवतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होतं. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. एचडी निवडलं तर मोठी राहते, पण चित्र दाबलं जातंच. व्हिजिटिंग कार्डावर लोगो दोन इंचांचा असेल तर इंचाला ८०० पिक्सेल मिळतात, म्हणजे छपाईला लागतात त्याहून जास्तच. त्यामुळे कार्ड छान येतं आणि ‘फाइल चांगली आहे’ असं वाटतं. तीच फाइल दहा फुटी बोर्डाला लावली की १२० इंचांत १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला जेमतेम १३. अक्षरांच्या कडांना पायऱ्या दिसणारच.

रामबागेतल्या एका शेव-भाकरवडीच्या गृहउद्योगाचं उदाहरण देतो. लोगोत हाताने रेखाटलेलं नाव, वर कढई आणि खाली ‘शुद्ध घरगुती’ ही ओळ होती. आम्ही दिलेली पीडीएफ मेलमध्येच राहिली आणि मोबाइलमधलं चित्र बोर्डवाल्याकडे गेलं. त्याला ते मोठं करता येईना, म्हणून त्याने कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते ट्रेस केलं, म्हणजे चित्रावरून रेषा काढून घेतल्या. ट्रेसमध्ये टोकदार कोपरे गोल झाले, शिरोरेखा लाटेसारखी वरखाली झाली आणि दोन अक्षरांमधली फट बुजली. खालची ओळ बारीक असल्याने ट्रेस झालीच नाही. ती त्याने जवळच्या फॉन्टमध्ये टाइप केली. त्याच्याकडचं कोरल जुनं, तिथे जोडाक्षर जुळलं नाही, आणि बोर्डावर पाय मोडलेला द व शेजारी सुटा ध असं ‘शुद्ध’ छापून आलं. पुढे पाऊच छापणाऱ्याने नमुना म्हणून त्या बोर्डाचा फोटो मागवून घेतला. ग्राहकाने वेळेवर विचारलं म्हणून पाऊच वाचले, बोर्ड मात्र पुन्हा करावा लागला.

बोर्डवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. हाती आलं त्यातून त्याने काम भागवलं. त्याला द्यायची असते ती व्हेक्टर फाइल. तिच्यात ठिपके नसतात, रेषांचं गणित असतं, त्यामुळे ती शिक्क्याएवढी करा की होर्डिंगएवढी, कड तशीच राहते. आमच्या फोल्डरमध्ये ‘छपाई’ नावाच्या भागात ती पीडीएफ आणि कोरलची सीडीआर अशा दोन्ही रूपांत असते. सगळी अक्षरं आम्ही कर्व्हमध्ये, म्हणजे रेखाटलेल्या आकारांत बदलून देतो, त्यामुळे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षर तुटत नाही आणि वेलांटी जागची हलत नाही. नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही, म्हणून सीडीआर मुद्दाम जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली असते. ‘मोबाइल’ या भागात पारदर्शक पीएनजी आहे. ती फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपच्या डीपीसाठी. छपाईला ती देऊ नका.

पाठवताना व्हॉट्सअॅपमध्ये ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. आणि कोणी ‘जेपीजीची सीडीआर करून देतो’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जेपीजी कोरलमध्ये ठेवून सेव्ह केली तर नाव बदलतं, आत ठिपकेच राहतात. ओळखायचं सोपं आहे: कोरलमध्ये View मेनूतून Wireframe निवडायला सांगा. अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा दिसल्या तर फाइल खरी. सगळा लोगो एका चौकोनात राखाडी चित्रासारखा दिसला तर ती खरी नव्हे.

याच कारणाने पहिल्या भेटीत आम्ही ‘कोणता रंग आवडतो’ हे विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, लोगो सगळ्यात आधी कुठे लागणार आणि सगळ्यात लहान कुठे लागणार? रोटो छपाईच्या पाऊचवर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा दोन रंगांचा लोगो पहिल्याच ऑर्डरमध्ये खर्च वाचवतो. रबरी शिक्क्यावर अनुस्वार शिरोरेखेला चिकटतो आणि उकाराच्या आतली जागा शाईने भरते, म्हणून ती जागा रेखाटतानाच मोकळी ठेवावी लागते. नाव देवनागरीत हवं, इंग्रजीत की दोन्हीत, हेही तेव्हाच ठरवा. लोगो देवनागरीत झाल्यावर ‘तसंच इंग्रजीत करून द्या’ म्हटलं तर ते जवळपास नवीन काम होतं, कारण इंग्रजीत ना शिरोरेखा असते ना वरखालच्या मात्रा.

पहिल्या फेरीत तीन कल्पना दाखवतो, त्याही फक्त काळ्या रंगात. काहींना हे कोरडं वाटतं, पण आम्ही ही पद्धत सोडणार नाही. रंग असले की चर्चा लाल की केशरी यावरच अडते आणि आकार कोणी बघत नाही. जो आकार काळ्यात उभा राहतो तो बिलबुकावर आणि शिक्क्यावरही उभा राहतो. निवडलेल्या एका कल्पनेवर दुसऱ्या फेरीत रंग येतात, आणि त्यानंतर दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. एक विनंती: शेवटचा शब्द ज्यांचा, मग ते वडील असोत, भागीदार असोत की वहिनी, त्यांना पहिल्या फेरीलाच सोबत आणा. दुरुस्त्या संपल्यावर त्यांनी प्रथमच लोगो पाहिला तर काम पुन्हा पहिल्या पानावर येतं आणि तुमची उद्घाटनाची तारीख पुढे जाते.

एका लिपीतल्या लोगोचे ९,००० रुपये, दोन्ही लिप्यांचे १३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी. अर्धी रक्कम काम सुरू करताना, उरलेली फाइल देताना. दोनपेक्षा जास्त दुरुस्त्यांना प्रत्येक फेरीचे १,५०० रुपये. बाजारात पाचशे रुपयांतही लोगो मिळतो, पण त्यात बहुतेक वेळा तयार चित्राखाली फॉन्टमध्ये नाव टाइप केलेलं असतं आणि तेच चित्र आणखी कोणाच्याही दुकानावर दिसू शकतं. आम्ही अक्षरं रेखाटतो. शिवाय पूर्ण रक्कम मिळाल्यावर लोगोचे हक्क तुमच्या नावे करणारं सही केलेलं पत्र देतो. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे असे हक्क लेखी दिल्यावरच दुसऱ्याकडे जातात, नुसतं बिल पुरत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी मात्र वेगळी, ती वकिलामार्फत करून घ्या. पाऊचचं किंवा बोर्डाचं डिझाइन या रकमेत धरलेलं नाही.

जुना लोगो आहे पण फाइल हरवली, अशांसाठी छापील नमुन्यावरून व्हेक्टर नव्याने रेखाटून देतो, २,००० रुपयांत. त्यासाठी जुनं बिल, पाऊच किंवा कार्ड, जे सगळ्यात स्वच्छ छापलेलं असेल ते प्रत्यक्ष घेऊन या. बोर्डाचा खालून काढलेला फोटो तिरका येतो, त्यावरून अक्षरांची उंची नीट मिळत नाही. आमच्याकडे केलेल्या लोगोची फाइल तुमच्याकडून हरवली तर पुन्हा पाठवण्याचे पैसे नाहीत. फ्लेक्सवाला समोर बसलेला असेल तर त्याचा मेल आयडी कळवा, त्याला थेट पाठवू.