आरओसी कर्व्ह आणि स्क्रीनिंग टेस्टचा कट-ऑफ

आरओसी कर्व्ह म्हणजे एखाद्या टेस्टचा कट-ऑफ, म्हणजे ज्या आकड्यापासून पॉझिटिव्ह धरायचं तो, वरखाली सरकवत गेलो तर किती आजारी माणसं पकडली जातात आणि किती निरोगी माणसं उगाच अडकतात हे दाखवणारा ग्राफ. पूर्ण नाव रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक, आणि यातला रिसीव्हर म्हणजे रडारचा रिसीव्हर: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पडद्यावरचा ठिपका विमान आहे की नुसता गोंगाट, हा प्रश्न होता, त्यातून ही कल्पना आली आणि पुढे मेडिकलमध्ये शिरली. उभ्या अक्षावर सेन्सिटिव्हिटी (खऱ्या पेशंटपैकी किती पॉझिटिव्ह आले), आडव्या अक्षावर १ वजा स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोगी लोकांपैकी किती चुकून पॉझिटिव्ह आले.

उदाहरण घेतल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. समजा शिबिरात डायबेटिस शोधायला बोटाला सुई टोचून करायची एक नवीन टेस्ट आलीये, जेवलात की उपाशी आहात हे न बघता करायची. ती तपासायला २० जणांची ही टेस्ट केली आणि त्याच २० जणांची पक्की टेस्टही केली, म्हणजे उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्यायचं ती, जीटीटी. (आकडे समजवण्यासाठी बनवलेले आहेत, खऱ्या अभ्यासातले नाहीत.) जीटीटीनुसार १० जणांना डायबेटिस निघाला, त्यांची बोटाची रीडिंग होती ११८, १३२, १४१, १४८, १५६, १६७, १८२, २०५, २३८, २९०. बाकी १० जणांची ८२, ८८, ९४, ९९, १०५, ११२, १२१, १२९, १३८, १५२.

आता कर्व्ह हाताने काढायचा, चौकटीचा कागद पुरतो. सगळी २० रीडिंग मोठ्याकडून लहानाकडे एका रांगेत लावायची, डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघायचं, डायबेटिसवाला आला की एक घर वर, नसलेला आला की एक घर उजवीकडे, बस. २९० पासून १५६ पर्यंत सहाही जण डायबेटिसवाले, म्हणून सरळ सहा घरं वर. मग १५२, हा निरोगी, एक घर उजवीकडे. १४८ आणि १४१, दोन वर. १३८, उजवीकडे. १३२, वर. १२९ आणि १२१, दोन उजवीकडे. ११८, वर, आणि आपण छताला टेकलो, उरलेले सहा जण सगळे उजवीकडे. झाला जिना तयार. दोन्ही गटांत एकच रीडिंग आलं तर तिथे तिरकी रेघ मारायची, आधी वर जायचं का आधी उजवीकडे हे मनाने ठरवलं तर कर्व्ह फुकट चांगला किंवा वाईट दिसतो.

या जिन्याखालची घरं मोजली तर १०० पैकी ९२ भरतात, म्हणजे एरिया अंडर कर्व्ह, ज्याला सगळे एयूसी म्हणतात, तो ०.९२. याचा अर्थ "टेस्ट ९२ टक्के बरोबर आहे" असा नाही, ही चूक फार दिसते. अर्थ असा की एक डायबेटिसवाला आणि एक निरोगी अशी कुठलीही जोडी उचलली तर १०० पैकी ९२ वेळा डायबेटिसवाल्याचं रीडिंग जास्त निघेल. पण शिबिरात कोणी जोडीने येत नाही, समोर एकच माणूस बसलेला असतो आणि त्याला जीटीटीला पाठवायचं की घरी, हे ठरवायचं असतं, त्यात एयूसी काही मदत करत नाही.

कट-ऑफसाठी बहुतेक जण यूडेन इंडेक्स काढतात, १९५० मधला आहे: सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा १, जिथे सगळ्यात जास्त येईल तो कट-ऑफ. आपल्या डेटात १४१ ला (म्हणजे १४१ किंवा वर असेल तर पॉझिटिव्ह) सेन्सिटिव्हिटी ०.८ आणि स्पेसिफिसिटी ०.९, यूडेन ०.७. १३२ ला सेन्सिटिव्हिटी ०.९ आणि स्पेसिफिसिटी ०.८, यूडेन परत ०.७. झाली टाय! आणि ही टाय इथे बरी पडते कारण यूडेनमधली गोम तिच्यामुळेच दिसते: त्याला सुटलेला पेशंट आणि उगाच पळवलेला निरोगी माणूस सारख्याच वजनाचे वाटतात, शिवाय गावात डायबेटिस किती आहे हे तो विचारतच नाही.

म्हणून आता १,००० लोकांचं शिबिर धरा, त्यातले १०० जणांना खरंच डायबेटिस आहे. १४१ ठेवलं तर ८० सापडतात, २० सुटतात आणि ९० निरोगी लोक जीटीटीला जातात. १३२ केलं तर ९० सापडतात, १० सुटतात, पण १८० निरोगी लोक जातात, म्हणजे जास्तीचा प्रत्येक पेशंट शोधायला ९ निरोगी लोकांच्या जादा जीटीटी. आणखी खाली ११८ वर आलो तर उरलेले १० पण सापडतात पण निरोगी पॉझिटिव्ह ३६० होतात, इथे एका पेशंटमागे १८. कर्व्हचा चढ वाचायचा तो असा: जिना आडवा होत जातो तसा पुढचा पेशंट महाग पडत जातो, आणि गावात आजार जितका कमी तितका तो भाव अजून चढतो. मग प्रश्न पीएचसीच्या डॉक्टरला विचारायचा, एका पेशंटसाठी ९ लोकांना उपाशीपोटी बोलावून दोन तास बसवणं जमेल का? जमेल म्हणाले तर १३२. १८ पण जमतील म्हणाले तरच ११८. माझ्या मते हे उत्तर डेटा बघायच्या आधी लिहून घ्यावं, नंतर सगळ्यांनाच आपला आवडता कट-ऑफ पटायला लागतो.

खरं उदाहरण बघायचं तर इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. चेन्नईत झालेल्या अभ्यासातून २००५ साली आला. वय, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडिलांचा डायबेटिस यावरून १०० पैकी गुण. कट-ऑफ ६०, तिथे सेन्सिटिव्हिटी ७२.५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ६०.१ टक्के. आकडे साधेच आहेत, पण रक्त न काढता टेपने होणारी टेस्ट आहे, त्यामुळे पहिल्या चाळणीला चालून जाते.

गडबड कुठे होते? सगळ्यात जास्त माणसं निवडताना. पेशंट हॉस्पिटलच्या ओपीडीतून घेतले आणि निरोगी म्हणून कॉलेजची तरुण पोरं घेतली की कर्व्ह डाव्या वरच्या कोपऱ्याला चिकटतो, कारण मधले, सीमेवरचे लोक डेटात आलेच नाहीत, आणि गावात तेच लोक समोर येतात. दुसरं म्हणजे जीटीटी फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांची करणे. मग सुटलेले पेशंट कोणाला कळतच नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी खोटी फुगते. ओळखायची खूण सोपी आहे, टेस्ट निगेटिव्ह आलेल्या किती जणांची पक्की टेस्ट झाली ते विचारा, उत्तर शून्याच्या आसपास असेल तर तो कर्व्ह बाजूला ठेवा.

कॉम्प्युटरवर आर या स्टॅटिस्टिक्सच्या प्रोग्रॅममध्ये हे असं होतं, d हा आपला डेटा, त्यातल्या dm मध्ये जीटीटीचा निकाल, ० किंवा १, आणि sugar मध्ये बोटाचं रीडिंग:

```r
library(pROC)
r <- roc(d$dm, d$sugar, direction = "<")
plot(r, legacy.axes = TRUE)
coords(r, "best", best.method = "youden")
```

`direction` स्वतः द्यायचं. इथे `"<"` म्हणजे निरोगी लोकांचं रीडिंग कमी असतं. हिमोग्लोबिनवरून ॲनिमिया शोधताना हे उलटं होतं कारण तिथे कमी रीडिंग म्हणजे आजार. आपल्याच डेटात दिशा उलटी दिली तर एयूसी ०.०८ येईल, म्हणजे ०.५ च्या बराच खाली आकडा दिसला की टेस्टला नावं ठेवायच्या आधी दिशा तपासा.

आणि आपले २० जण फार थोडे आहेत हे विसरू नका. १३२ वरची ९० टक्के सेन्सिटिव्हिटी म्हणजे १० पैकी ९, तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो, साधारण ५६ ते जवळजवळ १०० टक्के एवढा रुंद निघतो. त्यात ज्या डेटावरून कट-ऑफ निवडला त्याच डेटावर मोजलेली सेन्सिटिव्हिटी नेहमी थोडी गोडच येते, म्हणून १३२ आधी ठरवून टाकायचं आणि मग दुसऱ्या गावातल्या नव्या लोकांवर, आकडा न हलवता, परत मोजायचं.