हॉटेलचं बिल: खोलीवर ५ की १८ टक्के? एक्स्ट्रा बेड, लॉन्ड्री आणि दुरुस्तीची पद्धत

२२ सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो, आणि त्याच्या वर गेलं तर १८ टक्के. हे भाडं म्हणजे आपल्याकडून प्रत्यक्षात घेतलेली, कर धरण्याआधीची रक्कम. दरपत्रकावर ९,००० लिहिलेले असले आणि सवलतीनंतर खोली ७,००० ला मिळाली, तर कर ५ टक्केच.

सीमारेषेजवळ मात्र जपून. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला, कारण १८ टक्के फक्त वरच्या शंभरावर नाही, तर पूर्ण भाड्यावर लागतात.

एक्स्ट्रा बेड हा मुक्कामाचाच भाग, म्हणून त्याला खोलीचाच दर. खोली अधिक बेड मिळून ७,५०० च्या पुढे जात असेल, तर १८ टक्के लागतील असं धरूनच बुकिंग करा. लॉन्ड्री वेगळी आकारली असेल तर ती वेगळी सेवा. तिच्यावर १८ टक्के, पण तेवढ्याच रकमेवर.

पणजीतल्या दोन रात्रींचा हिशेब बघू. खोली ६,८०० आणि बेड ५००, म्हणजे दिवसाला ७,३००. दोन दिवसांचे १४,६००, त्यावर ५ टक्क्यांनी ७३० रुपये कर. लॉन्ड्री ४००, तिचा कर ७२. एकूण १५,८०२. आता काउंटरवर कुणी दोन रात्रींची बेरीज ७,५०० च्या वर गेली म्हणून सगळ्यालाच १८ टक्के लावले, तर बिल १७,७०० होतं. म्हणजे १,८९८ रुपये जास्त. मर्यादा दर दिवसाला, दर खोलीला मोजायची असते, हे तिथल्या तिथे सांगा.

कागदपत्रं फार लागत नाहीत. चेक-इनला ओळखपत्र द्यावंच लागतं. बिल ऑफिसच्या नावाने हवं असेल तर कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक तेव्हाच लिहून द्या. मुंबईच्या कंपनीने गोव्यात मुक्काम केला तरी बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि गोव्याचाच एसजीएसटी येतो, कारण कर हॉटेल जिथे आहे तिथला लागतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

चेक-आउटला फक्त शेवटचा आकडा पाहून कार्ड पुढे करू नका. रोजचं भाडं, बेड आणि लॉन्ड्री वेगवेगळ्या ओळींत दाखवलेलं बिल मागा. हॉटेलचा जीएसटी क्रमांक gst.gov.in वर टाकून बघता येतो. नोंदणी नसलेल्या लॉजला जीएसटी घेताच येत नाही.

चूक घरी आल्यावर लक्षात आली, तर बिल क्रमांक, बुकिंगची पावती आणि वरच्यासारखा हिशेब जोडून हॉटेलला ईमेल करा आणि बिलाची रक्कम कमी केल्याची क्रेडिट नोट व जादा रकमेचा परतावा मागा. दाद मिळाली नाही तर हीच कागदं हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.