पार्श्वभूमी: ‘पाऊस एक्सोजेनस धरायचा का?’

‘मॅडम, प्रश्न ३ मध्ये नाशिकचा पाऊस एक्सोजेनस धरायचा का?’ नवी मुंबईतल्या अर्थमितीच्या एका विद्यार्थ्याने टीचिंग असिस्टंटना केलेला हा ई-मेल. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले रोजचे भाव आणि विक्री घेऊन कांद्याची मागणी मोजायची, असा तो प्रश्न.

भाव आणि विक्री एकत्रच ठरतात, म्हणून त्यांच्यातून काढलेली रेषा मागणीची असेलच असे नाही. प्राणिज व वनस्पती तेलांवरच्या आयातकराचा एक अभ्यास १९२८ साली निघाला. पुरवठा हलवणारा, पण मागणीला न शिवणारा घटक वापरायची तोड त्याच्या परिशिष्टात आहे. प्रश्नातला पाऊस त्याच कामासाठी आला आहे.

गोंधळ पुढचा, ‘एक्सोजेनस’ या शब्दाचा. १९४० च्या दशकात एकत्र सोडवायच्या समीकरणांची मॉडेल आली आणि मॉडेलबाहेरून येते ते एक्सोजेनस, असे मानले जाऊ लागले. कांद्याच्या भावाने पाऊस पडत नाही, तेव्हा या अर्थी उत्तर सरळ ‘हो’. आजच्या वर्गात मात्र समीकरणाच्या एरर टर्मशी, म्हणजे त्यात न धरलेल्या बाकीच्या कारणांशी, संबंध नसणे, हा अर्थ चालतो. १९८३ च्या एका शोधनिबंधाने दाखवले की कोणता पॅरामीटर मोजायचा आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय एक्सोजेनस म्हणणे अपुरे आहे. त्याने पॅरामीटर मोजणे, भाकीत करणे आणि धोरणबदल तपासणे यांसाठी तीन वेगवेगळ्या पायऱ्या घातल्या. सुरुवातीच्या वर्गात हे फार कमी शिकवले जाते आणि असे ई-मेल तिथूनच येतात.

फरक किती पडतो ते पाहा. लॉगमध्ये मागणी `q = a − p + u` आणि पुरवठा `q = b + p + v` धरा; `q` म्हणजे विक्री, `p` म्हणजे भाव, `u` आणि `v` या एरर टर्म. `u` आणि `v` स्वतंत्र व सारख्याच विचरणाचे असतील, तर साध्या रिग्रेशनचा उतार शून्याकडे जातो. खरी लवचीकता −१ असताना भावाचा मागणीवर परिणामच नाही, असे दिसते. उरलेल्या रेसिड्यूअलचा भावाशी सहसंबंध काढून हे पकडता येत नाही. तो गणितानेच शून्य येतो.

आता पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने नाशिककडचा खरीप कांदा शेतात सडला, तर पुढे वाशीतली आवक घटते. भाव नोव्हेंबर-डिसेंबरचे असतील तर हा पाऊस उपयोगी. त्याऐवजी विक्रीच्याच दिवसांचा पाऊस घेतला, तर बहुधा वाशीतही तेव्हा पाऊस असतो, किरकोळ विक्रेते येत नाहीत आणि पाऊस `u` मध्ये शिरतो. मग वाशीचा पाऊस मागणीच्या समीकरणात वेगळा घालावा लागतो.

नाशिकच्या पावसाची बातमी ऐकून विक्रेत्यांनी आधीच साठा केला, तर जुना पाऊसही मागणी हलवतो. १९७८ च्या एका शोधनिबंधामुळे रूढ झालेली चाचणीही हा पेच सोडवत नाही. पावसावरून भाव काढायच्या पहिल्या टप्प्याचे रेसिड्यूअल मागणीच्या समीकरणात घालून ती भाव एक्सोजेनस आहे का ते तपासते, पण त्यासाठी पाऊस निर्दोष आहे हे आधीच गृहीत धरते. म्हणून ई-मेलमध्ये समीकरण आणि काळ दोन्ही हवेत: ‘प्रश्न ३, मागणीचे समीकरण, ऑक्टोबरचा पाऊस: साठा होत नाही असे मानायचे का?’