पेंटा झाली म्हणजे पीसीव्ही झाली असं नाही

‘ताई, न्युमोनियानी सुई व्हई गई ना?’ लसीकरणाच्या दिवशी हा प्रश्न कानावर पडला नाही असं होत नाही. विचारणारी आजी पेंटाच्या तीन डोसांबद्दल बोलत असते, उत्तर देणारी सून पीसीव्हीबद्दल, आणि दोघी ‘हो, झाली’ म्हणून मोकळ्या होतात. जळगाव जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लसीकरणाचं काम पाहते. चोपडा-यावलकडची शिकलेली मंडळीसुद्धा हाच घोळ घालतात, आणि त्यात एखाद्या बाळाचा डोस खरोखर राहून जातो.

पेंटा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तिच्यावर फार बोलत नाही. जुनी माणसं अजून तिला ‘ट्रिपल’ म्हणतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिघांची ती ट्रिपल, त्यात कावीळ बी आणि हिब यांची भर पडली की पेंटा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, म्हणजे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, डाव्या मांडीत. पीसीव्ही वेगळ्या कुपीतून, वेगळ्या सुईने, उजव्या मांडीत. महाराष्ट्रात ती सरकारी लसीकरणात 2021 साली आली. त्याआधी जन्मलेल्या मोठ्या भावंडाच्या कार्डावर ती बहुधा दिसणार नाही, आणि ‘मोठ्याला तर दिली नव्हती’ असं म्हणणाऱ्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता मुख्य मुद्दा. पेंटातला हिब आणि पीसीव्ही या दोन्ही लसी मुख्यतः न्युमोनिया आणि मेनिंजायटिस या आजारांपासून वाचवतात. मग दोन कशाला? कारण आजाराचं नाव एक असलं तरी तो करणारे जंतू वेगळे आहेत. हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जंतूचा ‘बी’ प्रकार. पीसीव्ही आहे न्युमोकोकस या अगदी दुसऱ्याच जंतूविरुद्ध. दोघेही मुलांच्या नाकाघशात गुपचूप राहू शकतात आणि संधी मिळाली की फुप्फुसात उतरतात, किंवा रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात.

लस या जंतूंना कशी ओळखायला लावते, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. दोन्ही जंतूंच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्यांचं एक वेष्टन असतं. त्या वेष्टनामुळे शरीरातल्या पांढऱ्या पेशींना ते सहज पकडता येत नाहीत. शरीराने या वेष्टनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली तरच जंतू पकडीत येतो. अडचण अशी की दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेची दखल नीट घेत नाही, आणि याच वयात हे आजार सर्वांत जास्त होतात. म्हणून दोन्ही लसींमध्ये ही साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन बाळाला ओळखता येतं, आणि त्याच्यासोबत साखरही लक्षात राहते. अशा लसींना कॉन्जुगेट लस म्हणतात. पीसीव्हीमधला ‘सी’ तोच.

इथवर दोन्ही सारख्या. फरक वेष्टनाच्या प्रकारांत आहे. हिमोफिलसचे वेष्टन असलेले सहा प्रकार आहेत, ए ते एफ, पण लहान मुलांचे गंभीर आजार बहुतांशी एकट्या ‘बी’ने केले. एकच वेष्टन ओळखायचं म्हणून हिबची लस जिथे नीट पोहोचली तिथे हिबचा मेनिंजायटिस जवळपास दिसेनासा झाला. न्युमोकोकसचे मात्र शंभर किंवा त्याहून अधिक प्रकार आहेत, आणि प्रत्येकाच्या वेष्टनाची साखर वेगळी. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला ओळखतीलच असं नाही. म्हणून लसीत मुलांना जास्त त्रास देणारे निवडक प्रकार घातलेले असतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या न्युमोसिलमध्ये असे दहा आहेत, दुसऱ्या एका प्रचलित लसीत तेरा.

म्हणजे हिबचे कितीही डोस दिले तरी न्युमोकोकसच्या एकाही प्रकाराला त्याने धक्का लागत नाही, आणि पीसीव्हीने हिबला लागत नाही. ‘दोन्ही न्युमोनियाच्याच, एक घेतली तरी चालेल’ हे चूक आहे, आणि माझ्या मते लसीकरणातल्या चुकीच्या समजुतींमध्ये हीच सर्वांत महागात पडते.

‘दोन्ही दिल्या तरी बाळाला न्युमोनिया झालाच ना’ या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. न्युमोकोकसचे लसीत नसलेले प्रकार आहेत, आणि आरएसव्हीसारखे विषाणूही न्युमोनिया करतात. टीबीचा मेनिंजायटिस तर वेगळाच, त्याच्यासाठी जन्मतः दिलेली बीसीजी. या दोन लसी सगळा न्युमोनिया थांबवत नाहीत. लहान बाळांत जो सर्वांत झपाट्याने वाढतो आणि जीव घेतो किंवा बहिरेपण ठेवून जातो, त्याचा मोठा वाटा त्या थांबवतात. म्हणून पीसीव्हीला नुसतं ‘न्युमोनियाची लस’ म्हणणं मला पटत नाही. त्या नावाने माणसं तिच्याकडून नको ते मागतात आणि पेंटातल्या हिबला विसरतात.

दुसरा घोळ वेळापत्रकाचा. पेंटा सहा, दहा, चौदा आठवड्यांना. सरकारी पीसीव्ही सहा आणि चौदा आठवड्यांना, दहाव्याला नाही. मग तिसरा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाच्या लसीसोबत. पहिले दोन डोस शरीराला ओळख करून देतात, नऊ महिन्यांचा बूस्टर ती ओळख पक्की करतो, आणि नाकाघशातला जंतूही त्याने कमी होतो. त्यामुळे घरातल्या आजीआजोबांनाही थोडं संरक्षण मिळतं. हिबचा बूस्टर सरकारी वेळापत्रकात नाही. खासगी बालरोगतज्ज्ञ तो दीड वर्षाच्या आसपास देतात, आणि पीसीव्हीचेही ते तीन डोस देऊन दुसऱ्या वर्षात बूस्टर देतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. अर्धं इकडे, अर्धं तिकडे करताना मात्र कार्ड वाचल्याशिवाय हलू नये.

एक प्रसंग सांगते. बाळाचा जन्म 1 जुलैचा. 12 ऑगस्टला आमच्याकडे पेंटा-1 आणि पीसीव्ही-1 झाली. 9 सप्टेंबरला पेंटा-2, एकाच मांडीत, कारण त्या दिवशी पीसीव्ही नसतेच. मग आई बाळाला घेऊन सुरतेला गेली, वडील तिथे लूमवर कामाला. 7 ऑक्टोबरला चौदा आठवडे भरले. तिथल्या एका खासगी दवाखान्यात पेंटाचा तिसरा डोस झाला. पीसीव्हीचे वेगळे पैसे सांगितले, तेव्हा घरचे म्हणाले, ‘न्युमोनियाची आधी झालीय.’ फेब्रुवारीच्या शेवटी ते गावी परतले. कार्डावर पेंटाचे तिन्ही रकाने भरलेले, म्हणून आजीने निश्चिंतपणे सांगितलं की आता थेट गोवरालाच यायचं. पीसीव्ही-2 चा रकाना कोरा होता.

अशा वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दिलेला डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. 25 फेब्रुवारीला पीसीव्ही-2 दिली. बूस्टरला दोन अटी: नऊ महिने पूर्ण हवेत, आणि आधीच्या डोसानंतर किमान आठ आठवडे जायला हवेत. नऊ महिने 1 एप्रिलला भरत होते, आठ आठवडे 22 एप्रिलला. म्हणून गोवर-रुबेला 1 एप्रिलनंतरच्या पहिल्याच सत्रात, आणि पीसीव्ही बूस्टर 22 एप्रिलनंतरच्या सत्रात. ‘दोन्ही एकदमच देऊन टाका’ असा आग्रह झाला, पण बूस्टरसाठी गोवराची लस मागे ठेवणं मला मान्य नाही. त्यासाठी एक जादा फेरी झाली तरी चालेल.

या बाळाचं जमलं, कारण पहिला डोस वेळेत होता. सरकारी कार्यक्रमात पीसीव्हीची सुरुवात वर्षाच्या आत व्हावी लागते. एक जरी डोस आधी झालेला असेल तर उरलेले वर्षानंतरही देतात. ऊसतोडीला किंवा गुजरातेत जाणाऱ्या घरांना माझं एवढंच सांगणं असतं की निघण्याआधी सहा आठवड्यांचे डोस चुकवू नका आणि कार्ड सोबत न्या. कार्डावर ‘पेंटा’ आणि ‘पीसीव्ही’ या दोन ओळी वेगळ्या बोटाखाली वाचायच्या.

आणखी एक-दोन गोष्टी चटकन. हिबच्या नावात ‘इन्फ्लुएन्झा’ असला तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. फ्लू विषाणूचा, त्याची लस निराळी. रात्री बाळ तापलं तर दोष बहुतेक वेळा नव्या पीसीव्हीवर जातो, पण त्या दिवशीचा ताप जास्त करून पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या भागाचा असतो. दिवस-दोन दिवसांत तो उतरतो. पॅरासिटामॉल सिस्टरने सांगितलेल्या प्रमाणातच द्यावी, मांडी चोळू नये. आणि ‘दोन सुया एका दिवशी नकोत, एक पुढच्या महिन्यात’ हे मला अजिबात मान्य नाही. दोन मांड्यांत एकाच दिवशी दिल्याने बिघडत काही नाही. पुढच्या महिन्यावर ढकललेली सुई मात्र पुष्कळदा होतच नाही.

लसी पूर्ण असल्या तरी श्वास मोजता यायला हवा. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तापात झटका आला, टाळू फुगलेली दिसली किंवा बाळ हलवूनही नीट जागं होत नसेल, तर मोजत बसू नका, 108 ला फोन करा.